रिझ्युमेत 'उभारली', रेफरन्स म्हणतो 'चालवली'. या माणसाला घ्यावं का?

स्वानंदी_मुलुंड

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आमचा पॅथॉलॉजी लॅबना रीएजंट पुरवायचा व्यवसाय आहे. ऑफिस घाटकोपरला, गोदाम भिवंडीला. रक्ततपासणीची किट, कंट्रोल, कॅलिब्रेटर असा माल असतो. त्यातला बराचसा २ ते ८ अंशांत ठेवावा लागतो आणि प्रत्येक खोक्यावर मुदत असते. गोदामात सहा माणसं आहेत, त्यातली दोन सासऱ्यांच्या काळापासूनची. हिशोब टॅलीत आहे. पण कुठली बॅच कुठल्या रॅकवर आहे आणि कोणती आधी बाहेर काढायची, हे एका वहीत आणि त्या दोघांच्या डोक्यात आहे. यंदा मार्चच्या मोजणीत जवळपास तीन लाखांचा माल मुदत उलटलेला निघाला. तो मागच्या रॅकवर पडून होता आणि पुढून नवा माल जात होता. तेव्हाच ठरवलं की गोदामाला मॅनेजर हवा.

एक उमेदवार आवडला आहे. वय ३४, राहायला कल्याणला, एका औषध वितरकाच्या गोदामात पाच वर्षं होता. रिझ्युमेत तीन मोठे दावे आहेत. २२ जणांच्या टीमचं नेतृत्व केलं. सायकल काउंटची, म्हणजे गोदाम बंद न करता थोडा थोडा माल ठरलेल्या दिवशी मोजत राहायची पद्धत उभारली. मालातली तफावत, म्हणजे नोंदीतला आणि प्रत्यक्ष मोजलेला माल यांतला फरक, ३.२ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांवर आणली. मुलाखतीत छान बोलला, प्रश्न टाळले नाहीत.

मग त्यानेच दिलेल्या नंबरवर, त्याच्या जुन्या साहेबांना फोन केला. बारा मिनिटं बोलणं झालं. साहेब म्हणाले, "मुलगा चांगला आहे, प्रामाणिक आहे. टीम म्हणाल तर सातेक माणसं होती त्याच्याकडे. सायकल काउंट हेड ऑफिसने आणलं, हा ते चालवायचा. तफावत दीडेक टक्क्यापर्यंत खाली आली होती."

म्हणजे तिन्ही दावे हलले. यांचं म्हणणं, सरळ खोटं लिहिलंय, नाही म्हणून टाक. मला तेवढं सरळ वाटत नाही. खोटारडा माणूस आपल्या दाव्यांना छेद देणाऱ्या साहेबांचा नंबर स्वतःहून का देईल? अशा वेळी तुम्ही काय करता?

तपासनीस

मी नऊ वर्षं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये आहे. सरळ सांगतो, रेफरन्स कॉलवर वेळ घालवू नका. नावं उमेदवारच देतो, त्यामुळे शंभरातले नव्वद जण गोडच बोलतात. कागद बघा. त्याला त्याच्या मोबाइलवर पीएफचं पोर्टल उघडायला सांगा, `View` मध्ये `Service History` असतं. कुठल्या कंपनीत कधी लागला, कधी सोडलं, सगळं तिथे दिसतं. तारखा आणि कंपनी जुळली तर माणूस खरा, नाही जुळली तर खोटा. बाकी सगळ्या गप्पा.

दीपस्तंभ

माझ्या भाच्याचंही असंच झालंय. पवईच्या एका छोट्या कंपनीत तीन वर्षं होता, ती कंपनी बंद पडली. आता नवे लोक अनुभवपत्र मागतात. मालकाचा फोन लागत नाही. अशा वेळी अनुभवपत्र कुठून करून घ्यावं? कुणी ओळखीचं आहे का?

स्वानंदी_मुलुंड

@दीपस्तंभ, माझा प्रश्न वेगळा आहे हो. मी नोकरी देणारी आहे. पण भाच्यासाठी इथे कुणी सांगू शकलं तर जरूर सांगा.

परळकर

आधी दीपस्तंभांना. 'करून घ्यायचं' मनातून काढा, ते पत्र पुढे कधीतरी गळ्याशी येतं. भाच्याकडे पगार जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट असेल, नेमणुकीचं पत्र असेल, कर कापला गेला असेल तर फॉर्म १६ असेल. तेवढं लावा आणि कंपनी बंद पडली हे रिझ्युमेतच एका ओळीत लिहा. त्याच काळातला सहकारी रेफरन्स म्हणून द्या. चालतं.

आता धागाकर्तीसाठी. आधी कारखान्यात आणि नंतर लॉजिस्टिक्समध्ये, एकतीस वर्षं मी माणसं घेण्याचं काम केलं आहे.

तुम्ही तीन तफावती एका माळेत ओवल्यात, आणि तुमच्या यजमानांनी त्या माळेला 'खोटं' असं नाव दिलं. पण या वेगवेगळ्या जातीच्या आहेत. तारीख, कंपनी, हुद्दा, पदवी यांत फरक पडला तर ती नोंदीची तफावत. ती कागदाने मिटते आणि तिथे मी स्वतः फार कडक आहे. दुसरी वाट्याची तफावत. काम झालं हे खरं, पण त्यात या माणसाचा हात किती होता? 'उभारली' आणि 'चालवली' यातलं अंतर या जातीचं आहे. तिसरी परिस्थितीची. काम यानेच केलं, पण कशाच्या आधाराने? मागे हेड ऑफिस होतं का, सॉफ्टवेअर तयार होतं का, चुकला तर सावरणारा साहेब होता का?

तपासनीसांचा कागद पहिल्या जातीपुरता बरोबर आहे. पण हा माणूस तुमच्या गोदामात टिकेल की नाही, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीत असतं आणि त्यासाठी माणसाशीच बोलावं लागतं. कसं बोललो यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून दोन गोष्टी विचारतो. एक, तुम्ही साहेबांना प्रश्न नेमक्या कुठल्या शब्दांत विचारलेत? दोन, त्या दोघांनी एकत्र काम कधीपासून कधीपर्यंत केलं, हे विचारलंत का?

भिवंडी_बायपास

काकांच्या मुद्द्याला गोदामातून जोड देतो. माझं अर्धं आयुष्य मानकोलीच्या आसपासच्या शेडमध्ये गेलंय.

तपासनीस साहेब, आमच्याकडे तुमचं पोर्टल फसतं. गोदामातली निम्म्याहून जास्त माणसं ठेकेदाराच्या पटावर असतात. माणूस पाच वर्षं एका नामांकित कंपनीच्या शेडमध्ये राबतो आणि पीएफमध्ये नाव दिसतं कुठल्यातरी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं. दर दोन वर्षांनी ठेका बदलला की एजन्सीही बदलते. तुमच्या हिशोबाने त्याने तीन नोकऱ्या लपवल्या, प्रत्यक्षात तो त्याच रॅकजवळ उभा होता. शिवाय वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ सहसा लागूच होत नाही. तिथे काम केलेल्याची नोंदच सापडणार नाही.

आणि तोच धागा '७ की २२' ला लावून बघा. पटावरची सात आणि ठेकेदाराची पंधरा असतील तर दोघंही खरं बोलतायत. कुठल्या सीझनला किती माणसं आणि त्यांची पाळी कोण लावायचं, हे विचारा.

टक्क्यांचं तर बोलूच नका. तफावत दोन प्रकारे काढतात. समजा एका रॅकवर दहा खोकी जास्त निघाली आणि दुसऱ्या रॅकवर दहा कमी. जास्त-कमी एकमेकांत वजा केलं तर तफावत शून्य. दोन्हींची बेरीज केली तर तफावत वीस खोक्यांची. हिशोब खातं पहिली पद्धत धरतं, कारण त्यांना पैशाशी मतलब. ऑपरेशनवाला दुसरी धरतो, कारण लॅबचा फोन आल्यावर माल सापडला पाहिजे. एकाच गोदामाची एकाच दिवशीची तफावत ०.४ पण असते आणि १.४ पण असते. तुमच्या मालात बॅच आणि मुदत आहे, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या पद्धतीचाच आकडा लागणार.

स्वानंदी_मुलुंड

बापरे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

परळकर काका, खरं सांगते. रिझ्युमे समोर धरून विचारलं, "त्यांनी २२ जणांची टीम सांभाळली असं लिहिलंय, बरोबर आहे का?" आणि "सायकल काउंट त्यांनी उभारलं ना?" एकत्र काम कधीपर्यंत केलं हे विचारलंच नाही. साहेब आहेत म्हणजे शेवटपर्यंत असतील, असं गृहीत धरलं.

परळकर

तिथेच गोची झाली. दावा वाचून दाखवला की समोरचा दोनच गोष्टी करू शकतो, मान डोलावतो किंवा खोडून काढतो. भिडस्त असेल तर डोलावतो, स्वतःच्या श्रेयाला जपणारा असेल तर खोडतो. दोन्हीत तुम्हाला त्या कामाचं चित्र दिसत नाही.

मी काय करायचो ते सांगतो. फोनच्या आधी एक कागद घ्यायचा. डाव्या बाजूला रिझ्युमेतले दोन किंवा तीनच दावे, तुमच्या कामाशी संबंध असलेले. उजव्या बाजूला त्या दाव्याचं नाव न घेता विचारायचा प्रश्न. 'सायकल काउंट उभारली' असं डावीकडे असेल तर उजवीकडे, 'तुमच्याकडे माल मोजायची पद्धत कशी होती आणि ती कशी बदलत गेली?' मग गप्प बसायचं. त्या गोष्टीत उमेदवाराचं नाव आपणहून येतं का, कितव्या वाक्यात येतं, कुठल्या क्रियापदासोबत येतं, ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. 'त्याने सुचवलं', 'त्याला सांगितलं', 'त्याच्यावर सोपवलं', 'तो बघायचा' या चार वेगळ्या नोकऱ्या आहेत.

पण पहिला प्रश्न नेहमी काळाचा. कधीपासून कधीपर्यंत, आणि रोज भेटत होतात की महिन्याला एकदा? रेफरन्स देणाऱ्याची नजर जिथे पोचत नव्हती तिथलं त्याचं उत्तर ऐकीव असतं. आणि लोक ऐकीव गोष्टही पाहिल्यासारखी सांगतात.

शेवटी एकच मागणी करायची, एक प्रसंग सांगा. 'कसा आहे' विचारलं की 'चांगला आहे' येतं. 'ठरलेलं काही चाललं नाही असा एखादा दिवस सांगा, त्या दिवशी याने काय केलं?' असं विचारलं की माणूस दिसतो.

सध्या जिथे नोकरी करतोय तिथे मात्र त्याला विचारल्याशिवाय कुणालाही फोन करू नका. राजीनामा दिलेला नसेल तर तुमच्या एका फोनने त्याची नोकरी जायची. जुन्या ठिकाणीही त्याने न दिलेल्या नावाला फोन करायचा तर आधी विचारा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा मुख्य भर संमतीवर आहे, त्यामुळे संमती लेखी घेतलेली बरी.

कळवा_लोकल

हे वाचून राहवलं नाही. मी दुसऱ्या बाजूचा आहे. दोन वर्षांपूर्वी विक्रोळीच्या एका ऑफिसात सगळं ठरलं होतं, पगारसुद्धा. जुन्या मॅनेजरला फोन गेला आणि तो म्हणाला, "हो, तो त्या प्रोजेक्टमध्ये सपोर्टला होता." मी रिझ्युमेत लिहिलं होतं, 'डेटा मायग्रेशनची जबाबदारी.' रात्री दोनपर्यंत बसून ते मायग्रेशन मी एकट्याने केलं. मॅनेजर तेव्हा दुसऱ्या क्लायंटकडे होता. तिकडून उत्तर आलं की 'तुमच्या प्रोफाइलशी माहिती जुळत नाही'. मला एकदाही विचारलं नाही की हे असं का? आई रोज विचारायची, कॉल आला का.

ताई, तुम्ही निदान विचार करताय. प्लीज त्या मुलाशी बोला.

परळकर

कळवा_लोकल, वाईट वाटलं वाचून. त्यांनी तुम्हाला विचारायला हवं होतं. तफावत निघाली की पुढचा फोन उमेदवारालाच जायला हवा, असं मी कायम मानत आलो.

पुढच्या वेळेसाठी मात्र सांगतो. तुमचं काम तुमच्या मॅनेजरने पाहिलंच नव्हतं, म्हणून त्या कामासाठी तो रेफरन्स नव्हताच. ज्याने पाहिलं त्याचं नाव द्यायचं. क्लायंटकडचा माणूस चालतो, रात्री सोबत असलेला टेस्टर चालतो. आणि नाव द्यायच्या आधी रिझ्युमेतली ती एक ओळ त्याला पाठवायची आणि विचारायचं, 'हे कुणी विचारलं तर तुमच्या आठवणीत असंच आहे का?' तो म्हणाला, 'अरे, जबाबदारी माझी होती, केलंस तू', तर ओळ बदलायची. 'मायग्रेशन प्रत्यक्ष मी केलं, सोळा टेबलं, तीन आठवडे' असं लिहायचं. जबाबदारीसारखा मोठा शब्द गेला तरी ओळ कमजोर होत नाही, उलट कुणालाही विचारलं तरी तेच उत्तर येतं.

त्याला काय बोलायचं ते पढवायचं मात्र नाही. रिझ्युमेतलं वाक्य शब्दनशब्द रेफरन्सच्या तोंडून आलं की मी सावध व्हायचो. दोन माणसं एकच काम आठवतात तेव्हा शब्द वेगळे असतात, तपशील जुळतात. शब्द जुळले आणि तपशील विचारल्यावर 'ते काय आता आठवत नाही' झालं, तर ते पाठांतर.

तपासनीस

भिवंडी_बायपास, ठेकेदाराचा मुद्दा मान्य. आमच्याकडेही अशा केसेस 'विसंगत' म्हणून लाल शेऱ्याने जातात आणि क्लायंट पुढे वाचत नाही. वीसच्या अटीचंही बरोबर आहे.

पण एक गोष्ट सोडणार नाही. रिझ्युमे त्याने स्वतः पाठवला आहे. 'उभारली' हा शब्द त्याच्या सहीखाली आहे. एवढी समजूत काढत बसलो तर प्रत्येक खोट्याला स्पष्टीकरण सापडेल.

स्वानंदी_मुलुंड

आज पुन्हा बोलले, दोघांशी. काकांनी सांगितलं तसा कागद केला होता. जे ऐकलं ते जसंच्या तसं देते.

साहेबांना आधी काळ विचारला. ते जुलै २०२३ मध्ये दुसरीकडे गेले. उमेदवार तिथे फेब्रुवारी २०२४ पर्यंत होता. म्हणजे शेवटचे सात महिने साहेबांनी पाहिलेच नाहीत! दीड टक्का हा त्यांच्या वेळचा आकडा.

माणसांबद्दल यावेळी विचारलं, "पाळीत एकूण किती जण असायचे आणि कामं कोण वाटायचं?" म्हणाले, "कंपनीची सात, ठेकेदाराची पंधरा. कामं हाच वाटायचा. सुट्ट्या आणि पगार ठेकेदाराचा सुपरवायझर बघायचा." सात अधिक पंधरा, बावीस.

मोजणीबद्दल, "पद्धत कशी बदलत गेली?" असं विचारून गप्प बसले. खूप कठीण गेलं गप्प बसणं. ते म्हणाले, "आधी वर्षातून एकदा गोदाम बंद ठेवून मोजायचो. मग हेड ऑफिसने तक्ता पाठवला. महाग आणि जलद जाणारा माल दर आठवड्याला, मधला महिन्याला, बाकीचा तिमाहीला. पहिले दोन महिने कुणी मनावर घेतलं नाही. मग मी त्याच्यावर सोपवलं. त्यानंतर एक आठवडा चुकला नाही. सकाळी सातला, पहिली गाडी लागायच्या आत, मोजणी झालेली असायची."

मग प्रसंग विचारला. त्यांनी दोन सांगितले. पावसाळ्यात एकदा रात्री कोल्ड रूमची वीज गेली, जनरेटरही चालू होईना. हा कल्याणहून निघून आला. एसओपीत लिहिल्याप्रमाणे माल आइस पॅक घातलेल्या खोक्यांत हलवला आणि दर अर्ध्या तासाला तापमान लिहून ठेवलं. एकही खोकं बाद झालं नाही. दुसरा प्रसंग, ट्रान्सपोर्टरने ऐनवेळी गाड्या पाठवायला नकार दिला, चाळीस ऑर्डर तयार पडलेल्या. साहेब विमानात होते. हा दोन तास त्यांच्या फोनची वाट बघत बसला. दुसऱ्या ट्रान्सपोर्टरचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. साहेबांचे शब्द, "लिहून दिलं की तो एक दिवस चुकवत नाही. लिहिलेलं नसेल तर तो थांबतो."

दुसरा फोन तिथल्या हिशोब खात्यातल्या बाईंना, उमेदवाराला विचारून. त्यांच्याकडे डिसेंबर २०२३ च्या तिमाहीचा आकडा होता. जास्त-कमी वजा करून ०.४, बेरीज करून १.१. आणि सुरुवातीचा ३.२? तो म्हणे बेरजेच्या पद्धतीचा. म्हणजे रिझ्युमेत सुरुवात एका पद्धतीची आणि शेवट दुसऱ्या पद्धतीचा!

भिवंडी_बायपास

३.२ वरून १.१, तेही बेरजेच्या पद्धतीने, हे उत्तम काम आहे हो. खरा आकडाच चांगला होता, मग का मिसळलं त्याने?

परळकर

ताई, छान फोन केलेत.

आकड्याचं त्यालाच विचारा. तो काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो ते बघा. चूक दाखवल्यावर माणूस तपशिलात शिरतो की तावातावाने दाव्याला चिकटतो, यावरून मी बऱ्याच वेळा निर्णय घेतले आहेत.

पण माझ्या मते तुमच्या हाती सगळ्यात मोलाचं लागलंय ते साहेबांचं वाक्य. लिहून दिलं की चुकवत नाही, लिहिलेलं नसेल तर थांबतो. 'उभारली' आणि 'चालवली' यातलं अंतर म्हणजे हेच. आता तुमचं काम बघा. तुमच्याकडे तक्ता नाही, एसओपी नाही, हेड ऑफिस नाही. वही आहे आणि दोन जुनी माणसं आहेत. ज्या जमिनीवर तो उत्तम उभा राहिला ती जमीन तुमच्याकडे नाही. माणूस खरा आहे, पण तुमच्या आजच्या जागेसाठी बसतो का, हा प्रश्न उरतोच.

स्वानंदी_मुलुंड

काल त्याला घाटकोपरच्या ऑफिसात बोलावलं. चहा येईपर्यंत मीच अस्वस्थ होते. विचारलं, "सायकल काउंट उभारलं म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत?"

तो दोन सेकंद थांबला. म्हणाला, "मॅडम, उभारलं नाही. तक्ता वरून आला होता. मी तो राबवला." मग फोन काढला आणि आधीचा रिझ्युमे दाखवला. त्यात इंग्रजीत 'राबवली' याच अर्थाचा शब्द होता. ठाण्याच्या एका एजन्सीने पैसे घेऊन रिझ्युमे 'दमदार' करून दिला, तेव्हा शब्द बदलला. त्याने वाचलं होतं, खटकलंही होतं, पण "सगळे असंच लिहितात" असं एजन्सीवाला म्हणाला म्हणून राहू दिलं.

टक्क्यांचं विचारलं तर त्याला खरंच धक्का बसला. शेवटचा आकडा त्याने हिशोब खात्याच्या रिपोर्टमधून घेतला होता आणि सुरुवातीचा साहेबांच्या प्रेझेंटेशनमधून. समोरच्या कागदावर त्याने दोन्ही पद्धती मांडून दाखवल्या आणि स्वतःच म्हणाला, "मग मला १.१ लिहायला पाहिजे."

तपासनीस

ठीक आहे, माणूस बरा दिसतोय. पण "खटकलं होतं, पण राहू दिलं" हे मी नोंदवून ठेवीन. उद्या तुमच्या गोदामात मुदत संपलेल्या बॅचबद्दल काही खटकलं आणि कुणी म्हणालं 'सगळे असंच करतात', तर हा काय करेल?

परळकर

तपासनीस, हा प्रश्न रास्त आहे. मी त्याला वजन देतो, पण नकार देण्याइतकं नाही. रिझ्युमेत दुसऱ्याने घातलेला शब्द सोसणं आणि कोल्ड रूमच्या रजिस्टरमध्ये खोटं तापमान लिहिणं, यांत मला फरक दिसतो. दुसऱ्या बाबतीत त्याच्याविरुद्ध काही आलेलं नाही. उलट वीज गेली त्या रात्रीचं रजिस्टर त्याच्या बाजूने बोलतं.

कळवा_लोकल

मला नाही वाटत हे त्याच्या नावावर मांडावं. एजन्सीवाले खरंच असंच सांगतात. माझा 'जबाबदारी' हा शब्दही तसाच आला होता, आत्ता आठवलं.

भिवंडी_बायपास

स्वानंदीताई, तुमच्याकडे किती प्रकारचा माल आहे? आठशे-नऊशेच्या आत असेल तर तक्ता बनवणं हे महिनाभराचं काम आहे. नव्वद दिवसांत मुदत संपणारा माल दर सोमवारी, महाग किट दर आठवड्याला, बाकी महिन्याला. आधी मुदत संपणारी बॅच आधी बाहेर, आणि रॅकला नंबर. हे कुणी अनुभवी माणूस बसून लिहून देईल. तेवढं लिहून मिळालं तर तुमचा उमेदवार ते वर्षानुवर्षं चालवेल. उभारणारी माणसं सहा महिन्यांत कंटाळून दुसरीकडे जातात, हे मी स्वतः पाहिलंय.

परळकर

हा मार्ग चांगला आहे, एका अटीवर. तक्ता कागदावर येईल, पण तुमच्या त्या दोन जुन्या माणसांना तो पाळायला लावायचं काम यालाच करायचं आहे. तिथे साहेबांनी 'सोपवलं' होतं, म्हणजे मागे साहेबांचं वजन होतं. साहेब नसताना, वयाने मोठ्या माणसांकडून याने कधी काम करून घेतलंय का? साहेब गेल्यानंतरचे सात महिने नेमके त्यासाठी बघण्यासारखे आहेत, आणि त्याबद्दल अजून कुणी काही सांगितलेलं नाही. हिशोब खात्याच्या बाई आकडे सांगतील, शेडमध्ये काय चालायचं ते सांगू शकणार नाहीत.

स्वानंदी_मुलुंड

माल साधारण सातशे प्रकारचा आहे. तक्ता लिहून घ्यायला हे तयार झालेत. उमेदवाराबद्दल मात्र त्यांचं अजून 'बघू' आहे आणि मी त्यांना घाई करत नाहीये.

शेवटच्या सात महिन्यांचं मी सुचवायच्या आत त्यानेच विचारलं, "ठेकेदाराच्या सुपरवायझरशी बोलाल का? ते पंधरा वर्षं त्या शेडमध्ये होते, आमचं सुरुवातीला अजिबात पटायचं नाही." नंबर दिलाय. शनिवारी सकाळी, त्यांची पाळी सुरू व्हायच्या आधी फोन करणार आहे. कागदावर उजवीकडे पहिला प्रश्न लिहून ठेवलाय: 'शेडमधल्या जुन्या माणसाने यांचं ऐकायला नकार दिला, असा एखादा दिवस आठवतो का?'